सुईला वाट नसेल तेव्हा

रेवसच्या धक्क्यासारख्या ठिकाणी नवी जेटी बांधायची म्हटली, की आराखड्यावर पहिला हुकूम समुद्राचा चालतो. धरमतर खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलं बांधकाम आयएस ४५६ या भारतीय संहितेत सर्वांत कठोर वर्गात मोडतं: काँक्रीट किमान एम ४०, पाणी सिमेंटच्या चाळीस टक्क्यांहून जास्त नाही आणि सळईवर ७५ मिलिमीटर कव्हर. दुसरा हुकूम भूकंपाचा. १९६७ साली कोयनेला हादरा बसल्यावर पश्चिम महाराष्ट्र सुरक्षित असल्याचा समज मोडला, आणि पुढे आयएस १३९२० ने तुळई-खांबाच्या सांध्यात रिंगा दाट बांधायला लावल्या. कव्हर वाढलं की तुळईच्या आतली रुंदी घटते, रिंगा वाढल्या की राहिलेली जागाही भरते. अशा पिंजऱ्यात काँक्रीट ओतायचं तर ते तळापर्यंत जाणार कसं? आपोआप पसरून स्वतःच दाबून बसणारं काँक्रीट, म्हणजे साइटवरच्या भाषेत एससीसी, हे या प्रश्नाचं एक उत्तर आहे. ते महाग आहे, आणि सगळीकडे लागत नाही. कुठे लागतं हे त्याच्या वंशावळीतून चांगलं कळतं.

सुरुवातीचं काँक्रीट कुटायचं असे. आपल्याकडे चुन्याचा कोबा थापीने कुटत, तसंच युरोपातही जेमतेम ओलं काँक्रीट थरावर थर घालून धुमसाने ठोकत. आत हवा राहिली तर ताकद राहत नाही, हे कारागिराला अनुभवाने माहीत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आत सळ्या आल्या आणि कुटणं अवघड झालं, कारण धुमस सळईवरच आपटे. मग ठेकेदारांनी सोपी वाट धरली, पाणी वाढवलं. पातळ झालेला माल पन्हळीतून वाहत सळ्यांभोवती जाऊ लागला. १९१८ साली शिकागोच्या डफ एब्रम्स यांनी त्याची किंमत आकड्यांत दाखवली: सिमेंटच्या प्रमाणात पाणी वाढलं की ताकद घसरते. म्हणजे सळ्यांतून वाहायचं तर पाणी हवं, आणि टिकायचं तर पाणी नको.

या पेचातून सुटका केली ती कंपनाने. फ्रान्समध्ये युजेन फ्रेसिने यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात काँक्रीट हलवून बसवायची पद्धत पुढे आणली. पुढच्या दोन दशकांत आत खुपसायचा व्हायब्रेटर आला. मिस्त्री त्याला 'नीडल' म्हणतात. नीडल चालू असताना घट्ट माल काही क्षण द्रवासारखा वागतो, हवेचे बुडबुडे वर येतात आणि खडी सळ्यांमधून खाली उतरते. कमी पाण्याचं काँक्रीट दाट सळ्यांत भरता येऊ लागलं, म्हणून आराखडा करणारेही धीट झाले आणि सळ्या आणखी दाटल्या. नीडलमुळे झालेली सोय अशी नव्या गर्दीत खर्ची पडली.

संहितेतही या नात्याची खूण सापडते. आयएस ४५६ नुसार दोन सळ्यांमधलं आडवं अंतर सळईच्या व्यासाहून कमी नसावं आणि सर्वांत मोठ्या खडीपेक्षा किमान पाच मिलिमीटर जास्त असावं. नीडल वापरणार असाल तर एका जुडग्यातल्या सळ्यांचं अंतर खडीच्या दोन-तृतीयांशापर्यंत आणायची सूट आहे. सुटीला एक अट मात्र जोडलेली आहे: जुडग्यांच्या मध्ये नीडल खाली उतरेल एवढी जागा सोडायला हवी. ही अट पाळता येते की नाही, याच प्रश्नावर एससीसीचा हिशेब उभा आहे.

हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू. समजा, जेटीच्या तुळईची रुंदी ५०० मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंचं ७५ चं कव्हर आणि १२ च्या रिंगा वजा केल्या की आत ३२६ मिलिमीटर उरतात. तळाशी ३२ च्या पाच सळ्या १६० खातात. उरलेल्या १६६ ची चार फटींत वाटणी केली तर प्रत्येक फट साडेएकेचाळीस मिलिमीटरची होते. वीसची खडी त्यातून सुखाने जाते. आता सळईची लांबी संपली आणि लॅप द्यायची वेळ आली. पाचपैकी दोन सळ्यांना शेजारी लॅप दिला तर फट साडेपंचवीसवर येते, म्हणजे खडीला लागणाऱ्या पंचवीसच्या काठावर आणि सळईच्या बत्तीसच्या खाली. तिघांना एकाच जागी दिला तर फट साडेसतरा. वीसची खडी तिथे अडलीच, आणि पंचवीसची बारीक नीडलही जाणार नाही.

इथे लगेच एससीसीची ऑर्डर देणं चूक आहे. साडेसतराच्या फटीत वीसची खडी कुठल्याच काँक्रीटमध्ये जात नाही, मग ते कितीही वाहतं असो. आधी लॅप दोन जागी विभागावेत, किंवा सळ्या कपलरने जोडाव्यात, किंवा लॅपची सळई शेजारी न ठेवता वर ठेवावी. तरी गर्दी राहिली तर दहाची खडी घ्यावी. संहिताच दाट सळ्यांसाठी तसं सुचवते. हे सारे उपाय स्वस्त आहेत, आणि बऱ्याच जेट्यांची बरीचशी लांबी त्यांतच निभावते.

ते निभावत नाही सांध्यात. तिथे दोन दिशांच्या तुळयांच्या सळ्या एकमेकींवरून जातात, त्यांच्यामधून पाइलच्या उभ्या सळ्या वर येतात आणि सगळ्याला रिंगांचा वेढा असतो. लॅप हलवून इथली गर्दी कमी होत नाही, कारण या सळ्या सांध्यातून जायलाच हव्यात. नीडल वरून दोन वीत जाते आणि अडकते. खाली काय झालं ते कुणाला दिसत नाही.

ही न दिसणारी जागाच जपानमध्ये एससीसीच्या जन्माला कारण झाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे तुलनेने नव्या बांधकामांची झीज चिंतेचा विषय झाली होती, आणि काँक्रीट नीट बसवणारे कुशल कामगार कमी होत होते. टोकियो विद्यापीठाचे हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये प्रश्न उलटा मांडला: टिकाऊपणा कामगाराच्या हातावर अवलंबून असेल, तर हाताची गरजच नसलेलं काँक्रीट का करू नये? त्यांचे सहकारी काझुमासा ओझावा यांनी १९८८ मध्ये पहिला नमुना सिद्ध केला. त्यामागे दोन आधीच्या गोष्टी उभ्या होत्या. एक म्हणजे १९६० च्या दशकात जपान आणि जर्मनीत आलेले सुपरप्लास्टिसायझर, ज्यांनी पाणी न वाढवता माल वाहता केला. दुसरी म्हणजे पाण्याखालचं काँक्रीट. तिथे नीडल चालवता येतच नव्हती, म्हणून ट्रेमी पाइपातून आपल्याच वजनाने पसरणारा माल वापरात होता. खाडीच्या गाळात पाइल भरताना आजही तेच करतात.

ओकामुरांच्या युक्तीत मुख्य गोष्ट खडीची होती. सळ्यांच्या फटीशी खडीचे तुकडे एकमेकांना भिडून कमान धरतात आणि वाट बंद होते. म्हणून त्यांनी खडी कमी केली, सिमेंट, फ्लाय ॲश अशी पूड वाढवली, आणि प्लास्टिसायझर देऊन लगदा वाहता पण चिकट ठेवला. फार पातळ झाला तर खडी तळाशी बसते आणि वर पाणी सुटतं. फार चिकट झाला तर वाहत नाही. महागाईही इथेच शिरते: जास्त पूड, महाग रसायन, आणि त्याहून जास्त काटेकोरपणा. घनमीटरभर काँक्रीटमध्ये ८०० किलो क्रश सँड असेल आणि पावसाळ्यात तिचा ओलावा न मोजता एक टक्क्याने वाढला, तर आठ लिटर पाणी चोरून आत येतं. साध्या काँक्रीटला ते खपतं, एससीसीचा तोल त्यानेच जातो.

पहिल्या मोठ्या कामांत सळ्यांची गर्दी हे एकच कारण नव्हतं. १९९८ मध्ये खुल्या झालेल्या आकाशी-काइक्यो पुलाच्या महाकाय अँकरेजमध्ये एससीसी नळांतून दोनशे मीटर नेऊन ओतलं आणि काम अडीच वर्षांऐवजी दोन वर्षांत झालं. तिथे वेळ वाचला. आपल्या किनाऱ्यावर तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पातल्या ३ आणि ४ क्रमांकाच्या युनिटांच्या पंपहाऊसमध्ये ते वापरलं गेलं. भारतीय संहितेत एससीसीचं परिशिष्ट २००७ च्या दुरुस्तीने आलं, आणि आयएस १०२६२ मध्ये मिश्रण ठरवायची रीत २०१९ ला.

रेवसच्या सांध्यासाठी माल घ्यायचा ठरला, तर चाचणी फटीला धरून हवी. एल-बॉक्स चाचणीत तीन सळ्यांमधल्या ४१ मिलिमीटरच्या फटींतून काँक्रीट जातं आणि पलीकडची पातळी अलीकडच्या किमान ऐंशी टक्के यावी लागते. तुमच्या सांध्यात फट याहून अरुंद असेल, तर पेटीतला निकाल पुरत नाही. युरोपीय मार्गदर्शिकेनुसार फट साठपेक्षा कमी असेल तर नमुन्याचा सांधा बांधून पाहावा लागू शकतो: त्याच सळ्या, तसंच शटरिंग, तोच माल. मग तो कापून आत पाहायचा. स्लम्प फ्लोची चकती पसरल्यावर कडेला पाण्याचं वलय दिसलं किंवा खडी मध्यभागी ढिगाने राहिली, तर तो ट्रक परत पाठवायचा. शटरिंगही बदलतं. एससीसी पाण्यासारखा दाब देतं. तीन मीटर उंच भरलं तर तळाशी चौरस मीटरला साडेसात टन. फळीच्या फटीतून स्लरी गळली, तर ज्या पोकळीला भ्यायलो तीच तयार होते.

आता पैसा. समजा, एससीसी घनमीटरला दीड हजार रुपयांनी महाग पडतं, डेक दोनशे घनमीटरचा आहे आणि बारा सांध्यांत मिळून अठरा घनमीटर माल जातो. सगळं एससीसीने भरलं तर तीन लाख जास्त. फक्त सांधे भरायचे तर ते बाजूच्या तुळयांत वाहत जाणार. जाळी लावून अडवलं तरी दुप्पट माल धरावा, म्हणजे ५४ हजार. समोरच्या पारड्यात एका पोकळ सांध्याची दुरुस्ती ठेवा. ती भरतीच्या वेळा सांभाळत, खालून परांची बांधून करावी लागते, तीही पोकळी सापडली तर. शटरिंग काढल्यावर दिसणारा हनीकोंब सुदैवाचा. कव्हरच्या आड राहिलेल्या पोकळीत खारं पाणी बसतं, आणि काही वर्षांनी सळईला समांतर तडा व तांबूस ओघळ दिसेपर्यंत सळई बरीच खाल्लेली असते. ७५ मिलिमीटर कव्हर मागणारी संहिता अशा पोकळीवर काही करू शकत नाही.

म्हणून निर्णय आराखडा पाहूनच करता येतो, आणि तो सळ्या बांधण्याआधी करायला हवा. नीडल खाली उतरेल अशी वाट प्रत्येक चौकटीत दाखवता आली, तर साधं एम ४० भरा आणि पैसे वाचवा. वाट नसेल, तर आधी लॅप हलवा आणि खडी बारीक करा. तरीही वाट नसलेली आणि नंतर तपासता न येणारी जागा उरली, तर तेवढ्या जागेपुरतं एससीसी स्वस्त आहे. स्लॅब आणि सरळ तुळयांत मात्र त्याचा जादा खर्च केवळ गर्दीच्या नावाने मागणाऱ्याला सळ्यांचं अंतर मोजून दाखवायला सांगावं.