डोकेदुखी म्हणजे पित्तच? पहिलटकरणींसाठी आरोग्य केंद्रातला ४० मिनिटांचा वर्ग कसा आखतात

आठवा महिना. सकाळपासून डोकं ठणकतंय, मळमळतंय, छातीच्या खाली पोटात दुखतंय. आपल्याकडे अनेक घरांत याचं निदान एका शब्दात होतं: पित्त. मग कोकम सरबत दिलं जातं आणि थोडं पडून राहायला सांगितलं जातं.

पण गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यानंतर हीच लक्षणं वाढलेल्या रक्तदाबाची असू शकतात. या आजाराला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. वेळेत उपचार मिळाले नाहीत तर झटके येतात आणि आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. पहिल्या बाळंतपणात याचा धोका नंतरच्या बाळंतपणांपेक्षा जास्त असतो.

म्हणूनच प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीला येणाऱ्या पहिलटकरणींना दोन गोष्टी शिकवायच्या असतात: धोक्याची लक्षणं आणि आहार. हा वर्ग नेमका कसा आखला जातो आणि तो कुठे फसतो?

वर्ग कधी घ्यायचा?

पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी रक्त-लघवीच्या तपासणीसाठी बायका थांबलेल्याच असतात. वर्गासाठी हीच वेळ सोयीची. ८ ते १० पहिलटकरणी, सोबत आलेली सासू, आई किंवा नवरा आणि शिकवायला आरोग्यसेविका किंवा सिस्टर.

पण महाराष्ट्रात एक अडचण ठरलेली आहे. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते आणि तिथे आशाताई वेगळी, आरोग्य केंद्र वेगळं, निर्णय घेणारी माणसंही वेगळी. धोक्याच्या लक्षणांचा धडा शेवटच्या महिन्यांसाठी राखून ठेवला तर तो ऐकायला ती केंद्रात नसतेच. त्यामुळे हा वर्ग पाचव्या-सहाव्या महिन्यात, म्हणजे २८ आठवड्यांच्या आत व्हावा लागतो. तिथे शिकलेलं ती सोबत घेऊन जाऊ शकली पाहिजे.

४० मिनिटांची विभागणी साधारण अशी करता येते: धोक्याच्या लक्षणांना १५ मिनिटं, लक्षण दिसल्यावर काय करायचं याच्या सरावाला १०, आहार आणि गोळ्यांना १०, आणि समजलं की नाही हे तपासायला ५.

नेहमीचं काय, धोक्याचं काय?

नुसती यादी वाचून दाखवली की वर्ग फसतो. कारण पहिलटकरणीला तुलना करायला आधीचा अनुभव नसतो. पायाला थोडी सूज आली तरी ती घाबरते आणि बाळाची हालचाल कमी झाली तर ‘झोपलं असेल’ म्हणून गप्प राहते. म्हणून प्रत्येक लक्षण जोडीनं शिकवलं जातं.

• सूज: संध्याकाळी पावलं सुजणं आणि सकाळपर्यंत उतरणं हे बऱ्याच जणींना होतं. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला असणं किंवा बांगड्या अचानक घट्ट होणं हे धोक्याचं.

• डोकेदुखी: झोप घेतल्यावर थांबणारी डोकेदुखी वेगळी. न थांबणारी, डोळ्यांसमोर अंधारी किंवा काजवे आणणारी, वरच्या पोटात दुखण्यासोबत येणारी डोकेदुखी धोक्याची.

• उलट्या: पहिल्या तीन महिन्यांत सकाळी मळमळणं नेहमीचं. दिवसभर पाणीही न टिकणं आणि लघवी कमी होणं धोक्याचं.

• पाणी जाणं: थोडा पांढरा स्राव नेहमीचा. पायावरून ओघळेल इतकं पाणी एकदम जाणं धोक्याचं, मग कळा असोत वा नसोत.

• बाळाची हालचाल: पहिलटकरणीला ती २० आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते. पुढे प्रत्येक बाळाची आपली एक लय बसते. ती लय नेहमीपेक्षा मंदावली तर त्याच दिवशी तपासणी हवी.

अंगावरून रक्त जाणं आणि झटके येणं या दोन लक्षणांना मात्र ‘नेहमीची’ बाजूच नाही. रक्ताचा डाग दिसला तरी दाखवायचं, दुखत नसलं तरी. जोराचा ताप किंवा बसल्या जागी धाप लागणं हेसुद्धा घरी थांबून बघण्यासारखं नाही.

लक्षण ओळखलं, पुढे काय?

बाळंतपणात जीव जाण्यामागे तीन प्रकारचे उशीर असतात, असं या क्षेत्रात मानलं जातं. घरातून निघायचा निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोहोचायला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. वर्गात काम होऊ शकतं ते मुख्यतः पहिल्या उशिरावर. त्यासाठी लक्षण सुनेला माहीत असून भागत नाही. घरात तिचं ऐकलं गेलं पाहिजे.

म्हणून पुढची १० मिनिटं सरावाची. समजा, २२ वर्षांची एक पहिलटकरीण आहे, २२ आठवडे झालेत. सिस्टर तिला प्रसंग देतात: “ताई, आठवा महिना आहे. दुपारचे तीन वाजलेत. डोकं सकाळपासून दुखतंय, वरच्या पोटातही दुखतंय. घरी फक्त सासूबाई. मावशी, तुम्ही काय कराल?”

सासूबाई म्हणतात, “पित्त असेल, लिंबू सरबत देईन.”

इथे सिस्टर त्यांना चूक ठरवत नाहीत. “पित्त असेलही. पण पित्त आहे की रक्तदाब, हे घरी बघून कळत नाही. रक्तदाब मोजायला दोन मिनिटं लागतात. सरबत देऊन रात्र काढण्यापेक्षा आधी मोजून घेऊ.”

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त निघाला तर लघवीतली प्रथिनं तपासतात आणि डॉक्टर पुढचं ठरवतात. आजार गंभीर असेल तर झटके रोखणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेट या इंजेक्शनचा पहिला डोस आरोग्य केंद्रातच देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवता येतं.

सरावाच्या शेवटी प्रत्येकीनं चार गोष्टी माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यायच्या: कुठे जायचं, कोणत्या गाडीनं, सोबत कोण आणि नवरा घरी नसताना निर्णय कोण घेणार. १०८ आणि १०२ या मोफत रुग्णवाहिकांचे क्रमांक तिथेच लिहायचे. माहेरी जाणार असेल तर तिथल्या केंद्राचं नाव आणि तिथल्या आशाताईंचा नंबरही हवा. कार्ड सासरी कपाटात राहिलं तर रक्तगट, रक्तदाब आणि हिमोग्लोबिनच्या सगळ्या नोंदीही सासरीच राहतात.

ताटात काय वाढवायचं?

‘दोन जिवांचं खा’ याचा अर्थ दुप्पट खा असा नाही. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. आपल्या ताटात सांगायचं तर एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि छोटी मूठ शेंगदाणे. हे एका जेवणात जात नसेल तर मधल्या वेळी खायचं.

शिकवताना प्रत्यक्ष ताट मांडलं की बोलणं सोपं होतं. आधी ‘काल दिवसभरात काय खाल्लं?’ असं विचारायचं आणि त्यातच भर घालायची. सकाळी नुसता चहा-बिस्कीट असेल तर त्याऐवजी पोहे आणि शेंगदाणे. दुपारी भाकरी-भाजी असेल तर सोबत मोड आलेल्या मटकीची उसळ. चालत असेल तर एक अंडं, नाहीतर दूध किंवा दही. अंगणवाडीतून घरी मिळणारा आहार तिच्यासाठीच आहे, हेही घरच्यांसमोर सांगावं लागतं. कारण तो अनेकदा घरात सगळ्यांत वाटला जातो.

अडथळे माहितीपेक्षा रीतीचे जास्त असतात. सून सगळ्यांच्या शेवटी जेवत असेल तर तिच्या वाट्याला वरण आणि भाजी उरते किती, हा प्रश्न सासूबाईंसमोरच विचारायला हवा. दुसरा अडथळा म्हणजे ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण जड जाईल’ ही भीती. खाणं तोडल्यानं बाळंतपण सोपं होत नाही. बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका मात्र वाढतो.

गोळ्या घेऊनही रक्त का वाढत नाही?

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. तो नसला तरी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज लोहाची एक लाल गोळी घ्यायची असते. आपल्या उदाहरणातल्या ताईचं हिमोग्लोबिन ९.२ आहे. तिला डॉक्टर रोज दोन गोळ्या देतात. शिवाय दिवसातून दोनदा कॅल्शियम आहेच.

गोंधळ इथेच होतो. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोहाचं शोषण कमी करतात. सगळ्या गोळ्या एकदम, त्याही चहासोबत घेतल्या तर लोहाचा फायदा बराच कमी होतो. म्हणून वर्गात तिच्या दिवसाचं वेळापत्रकच बनवतात: ९ वाजता न्याहारीसोबत कॅल्शियम, साडेअकराला लोह, १ वाजता जेवण, ४ वाजता लोहाची दुसरी गोळी, चहा साडेपाचनंतर आणि रात्रीच्या जेवणासोबत कॅल्शियम. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगलंच.

शौचाला काळं होणं हा लोहाचा नेहमीचा परिणाम आहे, हे आधीच सांगितलं नाही तर बायका घाबरून गोळ्या सोडतात. मळमळ होत असेल तरीही परस्पर बंद न करता सिस्टरना सांगायचं, वेळ बदलून बघता येते.

महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमनं वाढायला हवं, म्हणजे या ताईचं १०.२ च्या पुढे. वाढलं नाही तर आधी रिकामी पाकिटं मोजायची आणि वेळा विचारायच्या. गोळ्या नीट घेऊनही आकडा हलत नसेल तर पुढच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलही लक्षात ठेवावा लागतो.

समजलं, हे कसं कळतं?

‘समजलं का?’ असं विचारलं की सगळ्या ‘हो’ म्हणतात. म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत प्रश्न बदलतो: “घरी गेल्यावर आईला फोन करून काय सांगशील? आता बोलून दाखव.” तिनं न बघता पाच धोक्याची लक्षणं सांगितली, गोळ्यांच्या वेळा सांगितल्या आणि गाडी कोणती हेही सांगितलं तर धडा पोहोचला. एखादी गोष्ट राहिली तर तेवढीच पुन्हा सांगायची.

या वर्गाची मर्यादाही स्पष्ट आहे. रक्तदाब अनेकदा काहीच लक्षण न दाखवता वाढतो, त्यामुळे लक्षणं पाठ असली तरी तपासणी चुकवून चालत नाही. आणि पावसाळ्यात ज्या पाड्यावर रुग्णवाहिका पोहोचत नाही, तिथे बाईनं वेळेत घेतलेला निर्णयही रस्त्यात अडकू शकतो. अशा गावातल्या पहिलटकरणीच्या कार्डावर आणखी एक ओळ लागते: नववा महिना लागला की रस्त्याजवळच्या कोणत्या नातेवाइकाकडे राहायला जायचं.