ब्रेसनहॅमची रेषा: प्लॉटरच्या लेखणीपासून परीक्षेच्या कागदापर्यंत

१/ वर्ष १९६२. सॅन होजे येथील आयबीएमच्या प्रयोगशाळेत १४०१ संगणकाला कॅलकॉम्प प्लॉटर जोडलेला होता. त्याची लेखणी केवळ आठ दिशांना, ठरावीक लहान पावलांनी सरकत असे. मधल्या कोणत्याही कोनातील रेषा काढायची, तर प्रत्येक पावलाला प्रश्न उभा राही: आडवे जायचे की तिरके?

२/ रेषेचा चढ काढायचा म्हणजे भागाकार, आणि त्यामागून अपूर्णांक. १४०१ मध्ये गुणाकार-भागाकाराची सोय मूळ संचात नव्हती. ती वेगळी घ्यावी लागे. जॅक ब्रेसनहॅम यांनी अपूर्णांकच टाळले. खरी रेषा दोन शक्य बिंदूंपैकी कोणाच्या अधिक जवळ आहे, एवढेच कळणे पुरेसे होते. ही तुलना 2dx ने गुणली की छेद नाहीसा होतो आणि निर्णय एका पूर्णांकाच्या चिन्हावर येतो. ही पद्धत १९६५ मध्ये ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली.

३/ संगणक अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तोच निर्णय विद्यार्थी हाताने घेतो. रेषा (०,०) ते (५,३) घेऊ. येथे dx=5, dy=3 आणि आरंभी p = 2dy - dx = 1. p ऋण असेल तर y तसाच राहतो आणि p मध्ये ६ मिळवतात. अन्यथा y एकाने वाढतो आणि p मधून ४ वजा होतात.

```
 p    पुढील बिंदू
 1    (1,1)
-3    (2,1)
 3    (3,2)
-1    (4,2)
 5    (5,3)
```

शेवटचा बिंदू नेमका टोकावर पडला, म्हणजे आकडेमोड बहुधा बरोबर आहे. चढ १ पेक्षा अधिक असेल, तर x आणि y यांच्या भूमिकांची अदलाबदल करावी लागते.

४/ वर्तुळकंसांवरील ब्रेसनहॅम यांचा लेख १९७७ चा. वर्गात शिकवतात त्या रूपात d = 3 - 2r ने आरंभ होतो. त्रिज्या ५ असेल तर d उणे ७ आणि पहिला बिंदू (०,५). d ऋण असताना त्यात 4x+6 मिळवतात. अन्यथा 4(x-y)+10 मिळवून y एकाने घटवतात. बिंदू येतात (१,५), (२,५), (३,४). एवढा अष्टमांश पुरतो. उरलेले सात आरशातल्या प्रतिबिंबासारखे मिळतात.

५/ नेहमीची चूक येथेच होते. सूत्रात जुना x हवा. विद्यार्थी आधी x वाढवतो आणि नवा घालतो. मग d उणे १ ऐवजी ३ होतो आणि (१,५) नंतर (२,४) येतो. वर्गांची बेरीज ही चूक उघड करते: त्रिज्येचा वर्ग २५, (२,५) ची बेरीज २९, (२,४) ची २०. चाराचा फरक पाचाहून कमी, म्हणून (२,५) हाच योग्य बिंदू.

६/ (२,५) देखील वर्तुळावर नाहीच. तो केवळ अधिक जवळचा आहे. लेखणीपुढचा प्रश्नही तेवढाच होता.