अनिवासी भारतीयांची भारतातील स्थावर मालमत्ता

परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय नागरिकाने, तसेच ओसीआय कार्डधारकाने भारतात घर, दुकान किंवा कार्यालय घेणे, बाळगणे, विकणे आणि विक्रीचा पैसा परदेशी नेणे, हे व्यवहार १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली (फेमा) येतात.

खरेदी. राहती व व्यापारी मालमत्ता घेण्यास रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. शेतजमीन, मळे आणि फार्महाऊस विकत घेता येत नाहीत. वारशाने मात्र शेतजमीन येऊ शकते, आणि कोकणातल्या अनेक सातबाऱ्यांवर दुबई-लंडनला राहणाऱ्या वारसांची नावे आहेत. अशी जमीन विकायची तर घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिकच लागतो. महाराष्ट्रात तो सामान्यतः शेतकरीही असावा लागतो. घर वा दुकान घेताना पैसे परदेशातून बँकेमार्फत, किंवा एनआरई वा एनआरओ खात्यातून द्यावे लागतात. परकीय चलन रोख देता येत नाही.

धारणा. घर भाड्याने देता येते.

विक्री. व्यवहार सर्वाधिक अडतो तो इथेच. विक्रेता निवासी असेल तर ५० लाख वा त्याहून मोठ्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कर कापतो, आणि सवयीने अनिवासी विक्रेत्यालाही तोच हिशेब लावतो. तो चुकीचा असतो, कारण अनिवासी विक्रेत्याचा कर भांडवली नफ्याच्या दराने कापावा लागतो, आणि राहिलेल्या कराची वसुली खरेदीदाराकडूनच होते. समजा, पुण्यातला फ्लॅट २०१२ मध्ये ५० लाखांना घेतला आणि २०२५ मध्ये १ कोटी २५ लाखांना विकला. नफा ७५ लाख. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर १२.५ टक्के असल्याने कर ९,३७,५०० रुपये होतो. अधिभार व उपकर वेगळे. पण नफा किती, हे खरेदीदार ठरवू शकत नाही. म्हणून व्यवहारात पूर्ण किमतीवर, म्हणजे १५,६२,५०० रुपये कापले जातात. मधले सव्वासहा लाख विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकून पडतात. उपाय एकच: कमी दराने कपात करण्याचा दाखला आयकर अधिकाऱ्याकडून आधीच मिळवणे. कपात इसाराच्या रकमेपासूनच सुरू होते, त्यामुळे अर्ज साठेखताआधी केलेला बरा. खरेदीखत, मुद्रांक शुल्काची पावती आणि दुरुस्तीची बिले सोबत जोडावी लागतात.

मालक येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवतात. ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत महाराष्ट्रात त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

पैसा परदेशी नेणे. विक्रीची रक्कम सामान्यतः एनआरओ खात्यात जमा होते. तेथून एका आर्थिक वर्षात, सर्व मालमत्ता मिळून, १० लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. बँक विक्रीची कागदपत्रे आणि कर भरल्याबद्दल सनदी लेखापालाचा दाखला मागते. वरच्या उदाहरणातली रक्कम एकाच वर्षात सहज बसते. मुंबईतल्या मोठ्या बंगल्याची बसत नाही. घर एनआरई खात्यातून घेतले असेल तर तेवढी मूळ रक्कम या मर्यादेबाहेर नेता येते. राहत्या घरांना ही सवलत दोनपुरतीच आहे, आणि पुरावा म्हणून खरेदीच्या वेळचा खातेउतारा लागतो.