‘सर्च चालत नाही’ एवढं लिहून भागत नाही! चांगला बग रिपोर्ट कसा असतो? ‘कचऱ्या’च्या उदाहरणातून समजून घ्या

एखादं अॅप बिघडलं की आपण काय करतो? स्क्रीनशॉट काढतो, ‘चालत नाहीये’ असं लिहितो आणि पाठवून देतो. समोरून उत्तर येतं, ‘आमच्याकडे तर चालतंय.’ गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात.

हा घोळ सोडवणं टेस्टरचं काम असतं. अॅप लोकांच्या हातात जाण्याआधी ते मुद्दाम वापरून बघायचं, चूक सापडली की ती डेव्हलपरला लेखी कळवायची. त्या लेखी नोंदीला बग रिपोर्ट म्हणतात. तो कसा लिहितात, हे आपण एका मराठी बगवरून पाहू. उदाहरणातलं अॅप काल्पनिक आहे, पण त्यातला बग मराठी टायपिंगमध्ये खरोखर होतो.

काय झालं?

समजा, पनवेलमधल्या एका मोठ्या गृहसंकुलासाठी तक्रारींचं अॅप तयार होतंय. रहिवासी त्यात तक्रार लिहितात आणि ऑफिसमधले लोक ती शोधून निकाली काढतात. एका रहिवाशाने लिहिलं, ‘कचऱ्याची गाडी तीन दिवस आली नाही.’ तक्रार यादीत व्यवस्थित दिसते. पण ऑफिसमधल्या माणसाने सर्चमध्ये ‘कचऱ्याची’ टाकलं की उत्तर येतं, ‘एकही तक्रार सापडली नाही.’

यावरचा पहिला रिपोर्ट असा आला:

> सर्च चालत नाही. मराठीत प्रॉब्लेम आहे. अर्जंट बघा. (सोबत स्क्रीनशॉट)

डेव्हलपरने स्वतःच्या फोनवर ‘कचऱ्याची’ लिहून तक्रार नोंदवली, तोच शब्द शोधला आणि तक्रार लगेच सापडली. त्याने रिपोर्टवर ‘बग दिसत नाही’ असा शेरा मारून तो बंद केला. त्याची चूक म्हणता येणार नाही. त्याच्याकडे सर्च खरंच चालत होता.

टेस्टर आधी काय करतो?

चांगला टेस्टर लगेच लिहायला बसत नाही. आधी तो बग लहान करत नेतो, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो.

‘गाडी’ शोधल्यावर तीच तक्रार सापडते का? सापडते. म्हणजे सर्च बंद नाही आणि मराठीही बंद नाही. ‘कचरा’ हा शब्द असलेली दुसरी तक्रार सापडते का? तीही सापडते. ‘पायऱ्या’? नाही सापडत. ‘मोऱ्या’? नाही. सगळ्या फसलेल्या शब्दांत एकच गोष्ट समान आहे, ती म्हणजे ‘ऱ्य’. मग टेस्टर तक्रार आणि सर्च दोन्ही एकाच फोनवर लिहून बघतो. आता सापडते! तक्रार एका कीबोर्डवर आणि सर्च दुसऱ्या कीबोर्डवर लिहिला की पुन्हा गायब.

इथे ‘मराठीत प्रॉब्लेम आहे’ या मोघम तक्रारीचं रूप बदललं. आता ती अशी झाली: ‘दोन वेगवेगळ्या कीबोर्डवरून लिहिलेला ऱ्य एकमेकांशी जुळत नाही.’

दिसायला सारखं, आतून वेगळं

असं का होतं? कॉम्प्युटर अक्षर ओळखतो ते त्याच्या युनिकोड क्रमांकावरून. मराठीतला हा ‘ऱ्य’ दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर (`U+0931`), त्यापुढे हलन्त आणि य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून `j` दाबला की हाच ऱ उमटतो. दुसऱ्या प्रकारात साधा र (`U+0930`), हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह (`U+200D`) आणि शेवटी य.

स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. सर्च मात्र क्रमांक जुळवतो आणि ते वेगळे असतात. म्हणूनच पहिल्या रिपोर्टमधल्या स्क्रीनशॉटचा काही उपयोग झाला नाही. फोटोत हा फरक दिसूच शकत नाही. तो बघायचा असेल तर मजकूर कॉपी करून त्याचे क्रमांक काढावे लागतात. पायथनमध्ये एका ओळीत काम होतं:

```
print([hex(ord(c)) for c in "ऱ्या"])
```

उत्तरात `0x931` दिसलं तर पहिला प्रकार, `0x930` आणि `0x200d` दिसले तर दुसरा.

आता तोच रिपोर्ट नीट लिहू

> शीर्षक: ‘ऱ्य’ असलेली तक्रार दुसऱ्या प्रकारे टाइप करून शोधल्यास सापडत नाही
>
> आवृत्ती: 3.4.1, बिल्ड 218. अँड्रॉइड 14. बिल्ड 211 मध्येही हेच होतं.
>
> आधीची तयारी: ऑफिस खात्याने लॉगिन, तक्रारींची यादी रिकामी.
>
> पायऱ्या:
> 1. ‘नवी तक्रार’ उघडा.
> 2. जोडलेल्या फाइलमधली पहिली ओळ (कचऱ्याची गाडी आली नाही) कॉपी करून पेस्ट करा. यात ‘ऱ्य’ म्हणजे `U+0931 U+094D U+092F`.
> 3. ‘नोंदवा’ दाबा. तक्रार यादीत दिसते.
> 4. सर्चमध्ये फाइलमधली दुसरी ओळ (कचऱ्याची) पेस्ट करा. यात ‘ऱ्य’ म्हणजे `U+0930 U+094D U+200D U+092F`.
> 5. शोधा.
>
> अपेक्षित: तिसऱ्या पायरीतली तक्रार दिसावी. दोन्ही शब्द वाचणाऱ्यासाठी एकच आहेत.
>
> प्रत्यक्षात: ‘एकही तक्रार सापडली नाही.’
>
> किती वेळा: 10 पैकी 10 वेळा. उलट क्रमाने केलं तरी तेच.
>
> कुठे होत नाही: दोन्ही ठिकाणी एकाच प्रकारचा ऱ्य असेल तर तक्रार सापडते.
>
> सोबत: दोन ओळींची मजकूर फाइल.

हा रिपोर्ट पहिल्यापेक्षा लांब आहे, पण वाचायला दोन मिनिटं पुरतात. मुख्य म्हणजे डेव्हलपरला टेस्टरचा फोन किंवा कीबोर्ड लागत नाही. फाइल उघडायची, पाच पायऱ्या करायच्या, बग समोर.

पायऱ्या रिकाम्या यादीपासून का सुरू केल्या?

यादीत आधीच शंभर तक्रारी असतील तर सर्चमध्ये एखादी भलतीच तक्रार दिसू शकते आणि बग झाकला जाऊ शकतो. पायऱ्या अशा ठिकाणापासून सुरू व्हायला हव्यात, जिथे कोणीही सहज पोहोचू शकेल. तसंच एका पायरीत एकच कृती असावी. ‘तक्रार टाकून सर्च करून बघा’ असं लिहिलं की तक्रार कशी टाकली, हा मुख्य मुद्दाच गळून पडतो.

पाठवण्याआधी एक तपासणी करायची. आपणच लिहिलेल्या पायऱ्या, आठवणीतून काहीही न भरता, जशाच्या तशा करून बघायच्या. बग दिसला नाही तर एखादी पायरी राहिली आहे, असं समजायचं.

अपेक्षित आणि प्रत्यक्ष वेगळे का लिहायचे?

कारण ‘बग’ म्हणजे या दोघांमधलं अंतर. ‘प्रत्यक्षात’ या रकान्यात फक्त डोळ्यांना दिसलं ते लिहायचं, स्क्रीनवरचा संदेश असेल तर शब्दशः. ‘सर्व्हर डाउन असावा’ हा अंदाज झाला, तो तिथे नको.

‘अपेक्षित’मध्ये नुसतं ‘नीट चालावं’ लिहून चालत नाही. काय दिसायला हवं आणि का, हे दोन्ही हवं. इथे डेव्हलपर म्हणू शकला असता, ‘क्रमांक वेगळे आहेत, म्हणजे शब्द वेगळे. सर्च बरोबरच आहे.’ त्याचं उत्तर रिपोर्टमध्ये आधीच आहे: वाचणाऱ्यासाठी शब्द एकच आहे.

बिल्ड क्रमांक इतका महत्त्वाचा का?

आवृत्ती 3.4.1 म्हणजे लोकांना दिसणारं नाव. त्या एका नावाखाली टेस्टिंगच्या काळात कितीतरी बिल्ड निघतात. 218 मध्ये असलेला बग 220 मध्ये दुरुस्त झालेला असू शकतो. ‘लेटेस्ट’ असं लिहिलं तर दोन दिवसांनी त्याचा अर्थच बदलतो. जुन्या बिल्डमध्येही बग आहे का, हे सांगितलं तर आणखी मदत होते. 211 मध्ये नसता, तर 212 ते 218 मधल्या बदलांतच शोधायचं हे ठरलं असतं.

याचं एक मोठं उदाहरण फेब्रुवारी 2018 मधलं. तेलुगूतलं एक अक्षर मेसेजमध्ये आलं की आयफोनवरची अॅप्स बंद पडायची. ‘तेलुगू अक्षराने फोन बिघडतो’ एवढंच सगळीकडे फिरत होतं. पण हे आयओएस 11.2.5 वर होत होतं आणि 11.3 च्या बीटावर होत नव्हतं. आवृत्ती कळल्यावरच चित्र स्पष्ट होतं. मनीष गोरेगावकर या प्रोग्रॅमरने अक्षरांचे तुकडे बदलून पाहिले, तेव्हा दिसलं की प्रश्न फक्त तेलुगूचा नाही. व्यंजन, हलन्त, दुसरं व्यंजन, एक न दिसणारं चिन्ह (`U+200C`) आणि मग स्वर अशा ठरावीक क्रमाने बंगाली आणि आपल्या देवनागरीतही तेच घडत होतं. देवनागरीत दुसरं व्यंजन ‘र’ असायला हवं होतं. अॅपलने 19 फेब्रुवारी 2018 ला 11.2.6 आणून हा बग दुरुस्त केला.

दुरुस्त झालं, हे कसं कळणार?

आपल्या कचऱ्याच्या बगकडे परत येऊ. डेव्हलपर म्हणतो, ‘न दिसणारं चिन्ह काढून टाकतो, झालं काम.’ पण हाच इथला सापळा. साध्या र नंतरचं ते चिन्ह काढलं की ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. मग ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच होतील आणि आचाऱ्यांना शोधताना आचार्य सापडतील! युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही हे दोन प्रकार एक करत नाही. तक्रार साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी एक प्रकार दुसऱ्यात बदलून घेणं हाच सरळ उपाय.

म्हणून नवं बिल्ड आल्यावर टेस्टर दोन गोष्टी तपासतो. त्याच पाच पायऱ्या केल्यावर आता तक्रार दिसते का? आणि ‘दऱ्या’ शोधल्यावर ‘दर्या’ असलेली तक्रार येत नाही ना? दोन्हींची उत्तरं बरोबर आली की बिल्ड क्रमांकासह नोंद करून रिपोर्ट बंद होतो.

तुम्ही टेस्टर नसाल तर?

तरीही हे उपयोगी पडेल. अॅपची आवृत्ती अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या त्या अॅपच्या माहितीत, सहसा सगळ्यात खाली दिसते. पुढच्या वेळी तक्रार करताना ती लिहा. सोबत काय काय दाबलंत ते क्रमाने, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं ते लिहा. मराठी मजकुराचा प्रश्न असेल तर स्क्रीनशॉटबरोबर तो मजकूर कॉपी करून नक्की जोडा. फक्त स्क्रीनशॉटमधून पासवर्ड, ओटीपी आणि मोबाइल नंबर झाकायला विसरू नका.