नवरा-बायकोचं समुपदेशन: आत काय होतं आणि जायचं की नाही हे दोघांनी कसं ठरवावं

देवळाली कॅम्पला शाळेत पालक मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलायला येतात आणि बोलता बोलता घरातल्या अबोल्यावर येऊन थांबतात. "काउन्सेलरकडे जाऊन बघा" म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं, "मॅडम, आमचं एवढं काही बिघडलेलं नाही." समुपदेशन म्हणजे तलाकच्या आधीची पायरी, असा समज आपल्याकडे पक्का आहे.

सुलह करण्याची पद्धत आपल्याला नवी नाही. सूरह निसाच्या 35 व्या आयतीत नवऱ्याच्या घरचा एक आणि बायकोच्या घरची एक अशा दोन मध्यस्थांचा, म्हणजे हकमचा, उल्लेख आहे. शमीम आरा खटल्यात 2002 साली सुप्रीम कोर्टानेही तलाकआधी असा समेटाचा प्रयत्न आवश्यक मानला. पण हकम आपल्याच खानदानातले असतात, आणि काय करावं ते बहुतेक वेळा सांगून मोकळे होतात. समुपदेशक कुणाच्याच बाजूचा नसतो आणि चूक कुणाची याचा फैसला देत नाही. जिथे भांडण घरच्यांवरूनच आहे, तिथे हा फरक फार कामाला येतो.

पहिली बैठक साधारण पाऊण ते एक तासाची असते. दोघं एकत्र बसतात. लग्न कसं झालं, त्रास कधीपासून आहे, आता काय बदलायला हवं, असं विचारलं जातं. पुढे बहुतेक ठिकाणी दोघांशी एकेकदा वेगळं बोलतात. इथे एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी: एकट्याने सांगितलेलं दुसऱ्याला कळणार का? काही समुपदेशक ते स्वतःपाशी ठेवतात, काही स्पष्ट सांगतात की आम्ही दोघांपैकी कुणाचं गुपित सांभाळणार नाही. नंतरच्या बैठका बहुधा आठवड्या-पंधरवड्याने होतात.

एक उदाहरण घेऊ. नाव-गाव सोडा, अशी घरं कॅम्पमध्ये पुष्कळ आहेत. नवरा गॅरेजमध्ये आहे, पगार अम्मीच्या हातात देतो. बायको शिलाई करते आणि मुलांची फी भरायला तिला दर वेळी मागावं लागतं. ती म्हणते, "तुम्हाला माझी किंमतच नाही." तो उठून बाहेर जातो. समुपदेशक इथे पगार कुणाकडे द्यावा हे सांगत नाही. आधी तिला दोन-तीन मिनिटं बोलू देतो, मग तिने काय सांगितलं ते त्याला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावतो, सफाई न देता. मग उलट. "किंमत नाही"च्या जागी "फी मागताना मला लाज वाटते" असं वाक्य आलं, की तो पहिल्यांदा ऐकतो. अम्मीला दुखवायची त्याला भीती आहे, हेही बाहेर येतं. मग घरी करायला एक छोटं काम मिळतं: महिन्याच्या सुरुवातीला फीची रक्कम वेगळी काढायची आणि अम्मीला ते दोघांनी मिळून सांगायचं. पुढच्या बैठकीत काय झालं ते विचारलं जातं. भांडण तापलं तर किमान वीस मिनिटं थांबायचं, पण परत कधी बोलणार ते सांगून उठायचं, हेही शिकवतात.

जायचं की नाही हे भांडणाच्या रात्री ठरवू नये. "तुला इलाजाची गरज आहे" असं म्हटलं की समोरचा तिथेच बंद होतो. "मला आपल्यासाठी जावंसं वाटतं, चार वेळा जाऊन बघू" हे वेगळं पडतं. चारनंतर काय ते पुन्हा ठरवता येतं. कुणाला सांगायचं, पैसे कुठून द्यायचे, समुपदेशक बाई हवी की पुरुष, मराठीत बोलायचं की उर्दूत, हेही आधीच बोलून घ्यावं. एकाला नातं टिकवायचं आहे आणि दुसऱ्याचं मन निघालेलं आहे, असं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावं. तेव्हा आधी "टिकवायचा प्रयत्न करायचा का" एवढ्याच प्रश्नावर काही मोजक्या बैठका घेतात. उपयोग होतोय का हे कसं ओळखायचं? भांडण होतच राहील, पण ते लवकर निवळतं का ते बघा. समुपदेशक सतत एकाचीच बाजू घेत असेल, तर दुसरा बघावा.

मारहाण, धमकी, घरात कोंडणं असेल तर एकत्र बसून समुपदेशन नको. तिथे बायको खरं बोलू शकत नाही, आणि बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. अशा वेळी आधी 181 किंवा 112. पोलीस यंत्रणेसोबत चालणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही आहे. 1984 मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने सुरू केलेलं हे काम नंतर राज्यभर पसरलं.

केस दाखल झालेली असेल तर नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयातच समुपदेशक असतात. 1984 च्या कायद्याने कोर्टावर आधी समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली आहे. केस नसेल तर खाजगी समुपदेशकाकडे जाता येतं. शिक्षण मानसशास्त्राचं की समाजकार्याचं, जोडप्यांसोबत किती काम केलंय आणि एका बैठकीची फी किती, हे फोनवरच विचारावं. नवरा यायलाच तयार नसेल तर बायकोने एकटीने सुरुवात केली तरी चालते. 14416 हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत.