सोफ्याचे कापड : सफाई-संकेत व तेलकट डाग

गादीखालच्या पट्टीवरील अक्षर सफाईची रीत ठरवते. ‘डब्ल्यू’ म्हणजे पाण्यातला साबण, ‘एस’ म्हणजे फक्त ड्रायक्लीनिंगचा द्राव, ‘डब्ल्यूएस’ला दोन्ही चालतात, ‘एक्स’ला केवळ व्हॅक्यूम किंवा ब्रश. ‘एस’ कापडावर पाणी पडल्यास कडेला वलय उमटते, आणि ते मूळ डागापेक्षा हट्टी असते.

डोके टेकण्याच्या जागी केसांचे तेल मुरते. ‘डब्ल्यू’ कापडावर आधी कॉर्नफ्लोअर भुरभुरून अर्ध्या तासाने व्हॅक्यूमने ओढावे. मग कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब फेटून नुसता फेस पांढऱ्या फडक्याने, कडेकडून मध्याकडे टिपावा. घासल्यास तेल पसरते. शेवटी ओलसर फडक्याने साबण काढून पंख्याखाली वाळवावे. साबण राहिला तर तिथेच धूळ चिकटते. ‘एस’साठी द्राव आधी लपलेल्या कोपऱ्यात तपासावा; खिडक्या उघड्या, देवघरातली समईसुद्धा विझलेली हवी.