जाड कव्हरची घडी का तडकते? शाईला दोष देण्याआधी कागदाचा 'ग्रेन' बघा

गणेश मंडळाची स्मरणिका छापून येते. कव्हर गडद निळं, जाड, चकचकीत. पण घडीवर बघावं तर रंग उडून पांढरी रेघ उमटलेली असते. मग सगळे शाईला नाहीतर प्रेसवाल्याला बोलतात. खरं कारण बऱ्याचदा कागदाच्या आत असतं.

कारखान्यात पाण्यात कालवलेला लगदा पळत्या जाळीवर ओतला जातो. जाळी ज्या दिशेनं पळते त्याच दिशेला बहुतेक तंतू रांगेत बसतात. या दिशेला ग्रेन म्हणतात. बांबूच्या काड्यांचा पडदा आठवा. काड्यांना समांतर तो सहज गुंडाळला जातो, उलट दिशेनं वाकवायला गेलं की काड्या मोडतात. कागदाचंही तसंच आहे. घडी ग्रेनला समांतर असेल तर स्वच्छ बसते, आडवी असेल तर तंतू तुटतात आणि त्यांच्यावरचा रंगाचा थर फाटतो. ८० जीएसएमच्या साध्या कागदात हे फारसं जाणवत नाही, ३०० जीएसएमच्या आर्ट कार्डात मात्र लगेच दिसतं.

ग्रेन ओळखायचा कसा? शीट न मोडता आधी एका बाजूनं आणि मग दुसऱ्या बाजूनं हलकीच वाकवा. जिकडे कमी जोर लागतो, त्या वाकाची रेघ म्हणजे ग्रेनची दिशा.

आता हिशोब बघू. ए५ आकाराच्या स्मरणिकेचं उघडं कव्हर म्हणजे ए४, आणि त्याची घडी २१० मिमीच्या बाजूला समांतर येते. १२ बाय १८ इंचाच्या शीटवर अशी दोन कव्हरं शेजारी शेजारी बसतात. तेव्हा दोन्ही घड्या १८ इंचाच्या दिशेनं पडतात, म्हणून ग्रेनही १८ इंचाच्या बाजूनंच हवा. तो १२ इंचाच्या बाजूनं निघाला तर कव्हर फिरवून छापावं लागतं आणि एका शीटवर एकच बसतं. ५०० कव्हरांना २५० ऐवजी ५०० शीट्स! पैसे वाचवायला इथंच ग्रेनकडे काणाडोळा केला जातो.

कागद बदलता येत नसेल तर क्रीजिंग करून घ्या. यात घडीच्या जागी दाबून खाच पाडतात. मागच्या बाजूला जो उंचवटा येतो, तो घडी घातल्यावर आतल्या अंगाला राहिला पाहिजे. बरेच जण हे नेमकं उलट करतात. वरून लॅमिनेशन केलं तर रंग आणखी टिकतो. तरी आडव्या ग्रेनचं जाड कव्हर थोडं उघडंच राहतं, ते काही क्रीजिंगनं पूर्ण जात नाही.

त्यामुळे ऑर्डर देतानाच घडी कुठं येणार हे प्रेसवाल्याला सांगा आणि त्याच कागदाचा एक कोरा तुकडा दुमडून मागा. छपाई झाल्यावर ग्रेन फिरवता येत नाही.